‘तिकिटे जपून ठेवली पाहिजे’: कानाला बरोबर वाटणारे वाक्य चूक का ठरते?

आधी प्रश्न पाहू. शुद्ध वाक्य ओळखायचे आहे.

अ) सर्व प्रवाशांनी तिकिटे जपून ठेवली पाहिजे.
आ) सर्व प्रवाशांनी नियमांचे पालन केले पाहिजेत.
इ) सर्व प्रवाशांनी रांगेत उभे राहिले पाहिजेत.
ई) सर्व प्रवाशांनी सुटे पैसे जवळ ठेवले पाहिजेत.

गोव्यात मराठी व्याकरण शिकवताना हा किंवा असा प्रश्न फळ्यावर लिहिला की वर्गातली बरीच मुले ‘अ’ वर बोट ठेवतात. बरोबर उत्तर ‘ई’ आहे. मग हमखास प्रश्न येतो, “सर, ‘तिकिटे ठेवली पाहिजे’ यात चुकलं काय? घरी, बसमध्ये, बाजारात सगळे असंच बोलतात की!” मुलांचे म्हणणे खरे आहे. सगळे असेच बोलतात. तरीही परीक्षेत, अर्जात, सूचनाफलकावर आणि वर्तमानपत्रात हे वाक्य चूक धरले जाते, आणि त्यामागे नियम पक्का आहे. अडचण एवढीच की या एका जागी आपला कान साक्ष द्यायला कमी पडतो. तो का कमी पडतो हे कळले तर त्याला मदत कशी करायची तेही कळते, म्हणून आधी कारण पाहू आणि मग पद्धतीकडे वळू.

कानाला का खटकत नाही

मराठीत भूतकाळी रूपाचे शेवट लिंग आणि वचन दाखवतात: आंबा आणला, आंबे आणले, चिंच आणली, चिंचा आणल्या, पुस्तक आणले, पुस्तके आणली. ही सहा रूपे एकाखाली एक लिहून बघा. रूपे सहा, पण लिहिताना शेवट चारच उरतात. ‘आणले’ हे रूप आंब्यांचे पुल्लिंगी अनेकवचन आहे आणि पुस्तकाचे नपुंसकलिंगी एकवचनही आहे. ‘आणली’ हे चिंचेचे स्त्रीलिंगी एकवचन आहे आणि पुस्तकांचे नपुंसकलिंगी अनेकवचनही आहे. फक्त ‘आणला’ आणि ‘आणल्या’ ही रूपे दुहेरी नाहीत; त्यांतले प्रत्येक रूप एकाच लिंगवचनाचे आहे.

म्हणून ‘चपला बाहेर ठेवल्या पाहिजे’ असे कोणी म्हणाले की आपल्याला लगेच काहीतरी अडते. ‘ठेवल्या’ हे रूप मोठ्याने सांगते की वस्तू अनेक आहेत, आणि मागून ‘पाहिजे’ येते ते एकट्यासारखे. ‘तिकिटे ठेवली पाहिजे’ मध्ये मात्र ‘ठेवली’ हे रूप ‘वही ठेवली’ मध्येही असते, त्यामुळे कान ते एकवचनासारखे ऐकतो आणि ‘पाहिजे’ पुढे जाऊ देतो. ‘नियम पाळले पाहिजे’ ची गत याहून वाईट. तिथे ‘पाळले’ तर दुहेरी आहेच, शिवाय ‘नियम’ हा शब्दही एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो. सगळ्या वाक्यात अनेकवचन सांगणारे एकच अक्षर उरते, ते म्हणजे ‘पाहिजेत’ मधला त. तोच गळला तर सांगणारे कोणी राहत नाही.

जुन्या छापील मराठीत ही अडचण एवढी नव्हती. तेव्हा ‘पुस्तक आणलें’ आणि ‘पुस्तकें आणलीं’ असे डोक्यावर अनुस्वार देऊन लिहीत, त्यामुळे निदान डोळ्यांना नपुंसकलिंग वेगळे दिसे. 1962 च्या लेखननियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. लेखन सोपे झाले, पण ‘आणली’ कोणाची हे ओळखायचे काम वाचणाऱ्याकडे आले.

गोव्यात यात आणखी एक कारण मिळते, आणि माझ्या मते ते सगळ्यात मोठे आहे. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘पाहिजे’ च्या जागी ‘जाय’ असते, आणि ‘जाय’ कधीच बदलत नाही. ‘म्हाका एक पुस्तक जाय’, ‘म्हाका दोन पुस्तकां जाय’. ‘नेम पाळूंक जाय’, ‘शाळेंत वचूंक जाय’. वस्तू एक असो की दहा, ‘जाय’ तसेच. हे मूल मराठी लिहायला बसते तेव्हा ‘जाय’ ची जागा ‘पाहिजे’ घेते आणि ते न बदलण्याची सवयही बरोबर घेऊन येते. कोंकणीत ते शंभर टक्के बरोबर आहे. मराठीत मात्र ‘पाहिजे’ ला वचन आहे.

ते असण्याचे कारण या शब्दाच्या घडणीत आहे. जुन्या मराठीत क्रियापदाला ‘इजे’ लावून कर्मणी रूप करीत, म्हणजे ‘करिजे’ चा अर्थ ‘केले जाते’. ‘पाहिजे’ हे त्याच वळणाचे, आजवर टिकून राहिलेले रूप. जी वस्तू हवी असते तीच त्याची धनी. म्हणून ते वस्तूच्या मागे चालते, माणसाच्या नाही. ‘मला आंबा पाहिजे’, ‘मला आंबे पाहिजेत’. दोन्हीकडे माणूस एकच आहे. आंबे वाढले म्हणून त आला.

पहिली पायरी: बिनप्रत्ययाचे नाम शोधा

शाळेत आपण ‘कर्त्याप्रमाणे क्रियापद’ असे पाठ केलेले असते, आणि ‘पाहिजे’ च्या वाक्यात तेच पाठांतर घात करते. ‘सर्व प्रवाशांनी’ हा कर्ता आहे, अनेकवचनी आहे, म्हणून ‘पाहिजेत’ असा हिशेब मुले करतात आणि ‘आ’ किंवा ‘इ’ निवडतात. त्याऐवजी एवढेच लक्षात ठेवा: ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय चिकटला आहे, त्याचा क्रियापदाच्या रूपावरचा अधिकार गेला. ‘प्रवाशांनी’ ला ‘नी’ लागला, तो बाद. ‘मुलांना’ ला ‘ना’ लागला, तो बाद. ‘नियमांचे’ ला ‘चे’ लागला, तोही बाद. वाक्यात प्रत्ययाशिवाय जे नाम उरते, क्रियापद त्याचेच ऐकते.

ते नाम शोधायला क्रियापदाला ‘काय’ हा प्रश्न विचारा. काय जपून ठेवायचे? तिकिटे. काय ठेवायचे जवळ? सुटे पैसे. काय करायचे? पालन. इथे थांबून नीट पाहा, कारण ‘नियमांचे पालन’ मध्ये नियम कितीही असले तरी ‘पालन’ एकच आहे. म्हणून ‘नियम पाळले पाहिजेत’ आणि ‘नियमांचे पालन केले पाहिजे’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, अर्थही तोच आहे, आणि तरी एकात त आहे व दुसऱ्यात नाही. परीक्षेत प्रश्न काढणाऱ्यांची ही आवडती जोडी आहे.

‘काय’ विचारल्यावर उत्तरच आले नाही तर? ‘प्रवाशांनी रांगेत उभे राहिले पाहिजे’ मध्ये काय राहायचे याला उत्तर नाही. ‘प्रवाशांनी’ बाद, ‘रांगेत’ ला ‘त’ लागला म्हणून तेही बाद. ऐकायला कोणी उरलेच नाही की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसते. यालाच आपण भावे प्रयोग म्हणतो. मग माणसे शंभर असोत, ‘राहिले पाहिजे’ च. कर्माला ‘ना’ लागला तरी हेच होते: ‘आईवडिलांनी मुलांना समजावले पाहिजे’.

या पायरीवर दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, ‘मी, तू, आम्ही, तुम्ही’. यांना डोळ्यांना दिसेल असा ‘ने’ लागत नाही, म्हणून ती बिनप्रत्ययाची वाटतात. पण ‘मी नियम पाळले पाहिजेत’ मधला ‘मी’ हा ‘त्याने’ च्याच जागेवर बसला आहे. शंका आली तर ‘मी’ काढून ‘त्याने’ घाला. ‘त्याने नियम पाळले पाहिजेत’. ‘मी’ एकटा असला तरी त राहणारच, कारण तो नियमांचा आहे. ‘प्रत्येकाने’ चेही असेच. ‘प्रत्येकाने आपापली कामे केली पाहिजेत’. ‘प्रत्येक’ मध्ये एकटेपणा असल्याने हात आपोआप त गाळतो, म्हणून हा शब्द दिसला की सावध व्हा.

दुसरी जागा काळ आणि अंतर दाखवणाऱ्या शब्दांची. ‘मुलांनी रोज दोन तास वाचले पाहिजे’. ‘दोन तास’ ला प्रत्यय नाही आणि ते अनेकही आहेत, पण ते ‘काय’ चे उत्तर नाही, ‘किती वेळ’ चे आहे. तास कोणी वाचत नाही. म्हणून त नको. ‘मुलांनी रोज दोन धडे वाचले पाहिजेत’ म्हटले की मात्र त हवा.

कधी कधी कर्ताच बिनप्रत्ययाचा असतो, आणि मग तोच मालक होतो. ‘मुले वेळेवर आली पाहिजेत’, ‘बसगाड्या वेळेवर सुटल्या पाहिजेत’. ‘मुलांनी वेळेवर आले पाहिजे’ हे वाक्यही शुद्ध आहे. माणसे तीच, काम तेच, पण ‘मुले’ ला ‘नी’ लागला की त जातो. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून मोठ्याने वाचा. पहिल्या पायरीतले सगळे मर्म या जोडीत आहे.

दुसरी पायरी: ते नाम एक की अनेक

बहुतेक वेळा हे दिसतेच. तिकीट आणि तिकिटे, वही आणि वह्या. फसवतात ते ‘नियम’, ‘अर्ज’, ‘नारळ’, ‘उपाय’ यांसारखे अकारान्त पुल्लिंगी शब्द, जे अनेकवचनात बदलतच नाहीत. तिथे अर्थाकडे पाहावे लागते. ‘अर्ज वेळेत भरला पाहिजे’ म्हणजे एक, ‘अर्ज वेळेत भरले पाहिजेत’ म्हणजे अनेक. धान्याच्या बाबतीत मराठी स्वतःच्या मर्जीने चालते. ‘तांदूळ धुतले पाहिजेत’, ‘गहू निवडले पाहिजेत’ असे अनेकवचन, पण ‘डाळ भिजवली पाहिजे’ आणि ‘पीठ मळले पाहिजे’ असे एकवचन. स्वयंपाकघरात आपण ही रूपे बिनचूक वापरतो, कारण ‘तांदूळ धुतला’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

तिसरी पायरी: ‘आहे’ लावून पाहा

ही पायरी मुलांना सगळ्यात जास्त उपयोगी पडते. ‘पाहिजे’ आणि ‘पाहिजेत’ यांतला फरक ऐकायला कान सरावलेला नसतो, पण ‘आहे’ आणि ‘आहेत’ यांत तो कधी चुकत नाही. तेव्हा वाक्यातले बाकी काहीही न हलवता ‘पाहिजे’ च्या जागी ‘आहे’ घाला.

‘प्रवाशांनी तिकिटे जपून ठेवली आहे.’ आता खटकले. ‘ठेवली आहेत’ हवे. ‘आहेत’ ला त लागला, म्हणून ‘पाहिजेत’ ला लागणार. ‘प्रवाशांनी नियमांचे पालन केले आहेत’ हेही ऐकताक्षणी चूक वाटते. ‘केले आहे’ हवे, म्हणून ‘केले पाहिजे’.

ही कसोटी दोन गोष्टी सांभाळून वापरायची. एक म्हणजे वाक्यातले दुसरे शब्द बदलायचे नाहीत. ‘प्रवाशांनी रांगेत उभे राहिले आहे’ असे मराठीत कोणी म्हणत नाही, म्हणून मूल नकळत ‘प्रवासी रांगेत उभे राहिले आहेत’ असे करून घेते आणि त्या ‘आहेत’ वरून ‘पाहिजेत’ लिहून मोकळे होते. ‘इ’ पर्याय नेमका याच वाटेने फसवतो. दुसरी गोष्ट याला लागूनच येते. जाणे, येणे, बसणे, राहणे अशा अकर्मक क्रियापदांना ही कसोटी लावूच नका. त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे.

चौथी पायरी: तोंडाने ‘लं’ म्हणून पाहा

लिहिताना ‘केले’ दोन अर्थांचे असले तरी बोलताना तसे नाही. बोलताना आपण ‘काम केलं’ म्हणतो, पण ‘उपाय केले’ च म्हणतो. म्हणजे शेवटी ‘ले’ असलेले रूप सापडले की ते ‘लं’ करून म्हणून पाहायचे. तोंडात सहज बसले तर नपुंसकलिंगी एकवचन, त नको. बसले नाही तर पुल्लिंगी अनेकवचन, त हवा.

‘रांगेत उभं राहिलं पाहिजे’ सहज म्हणता येते. म्हणून लिहिताना ‘उभे राहिले पाहिजे’. ‘पालन केलं पाहिजे’ हेही सहज. ‘सुटे पैसे जवळ ठेवलं पाहिजे’ असे मात्र कोणाच्याही तोंडी येणार नाही, म्हणून ‘ठेवले पाहिजेत’.

‘ली’ असेल तर ही युक्ती चालत नाही, पण कोंकणी येणाऱ्याच्या हाती इथे एक जास्तीचे साधन आहे. ज्या अनुस्वारांचा मराठी लेखनाने त्याग केला, ते कोंकणीत अजून नाकातून ऐकू येतात. ‘हांवें काणी सांगली’ मध्ये ‘ली’ साधी आहे, ‘हांवें पुस्तकां हाडलीं’ मध्ये ती नाकातून येते. तसेच ‘आंबे हाडले’ साधे आणि ‘काम केलें’ नाकातून. तेव्हा वाक्य मनात कोंकणीत म्हणून पाहा. ‘लीं’ असे नाकातून आले तर ते नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, आणि मराठीत ‘पाहिजेत’ हवे. काही शब्दांचे लिंग दोन भाषांत वेगळे असते, म्हणून जो शब्द दोन्हींकडे सारखाच आहे तिथेच हा आधार घ्यावा. पुस्तक, फूल, काम असे रोजचे शब्द यासाठी पुरेसे आहेत. घरची भाषा मराठीच्या पेपरात आड येते असे मुलांना अनेकदा सांगितले जाते. ‘जाय’ च्या बाबतीत ते खरे आहे, पण इथे तीच भाषा उत्तर देते, आणि हे मुलांना मुद्दाम दाखवून द्यावे असे मला मनापासून वाटते.

आता तोच प्रश्न सोडवू

‘अ’ मध्ये बिनप्रत्ययाचे नाम ‘तिकिटे’. अनेक आहेत. ‘ठेवली आहेत’ असेच म्हणतो. म्हणून ‘ठेवली पाहिजेत’ हवे होते, वाक्य अशुद्ध. ‘आ’ मध्ये ‘नियमांचे’ बाद, उरले ‘पालन’, ते एक. त जास्तीचा आहे, अशुद्ध. ‘इ’ मध्ये ऐकायला नामच नाही, ‘उभं राहिलं’ म्हणता येते, म्हणून त नको, अशुद्ध. ‘ई’ मध्ये ‘सुटे पैसे’ बिनप्रत्ययाचे आणि अनेक, ‘ठेवले आहेत’ बरोबर वाटते, ‘ठेवलं’ म्हणता येत नाही. शुद्ध.

या प्रश्नात त न देण्याची एक चूक आहे आणि नको तिथे त देण्याच्या दोन. दुसऱ्या प्रकारची चूक शिकलेल्या माणसांकडून जास्त होते. ‘पाहिजेत’ हे शुद्ध रूप आहे एवढेच कोणीतरी सांगितलेले असते, आणि मग ‘सर्वांनी सहभागी झाले पाहिजेत’ अशी वाक्ये निमंत्रणपत्रिकांवर छापली जातात. तेव्हा आपल्या जुन्या वह्या काढून आपण कुठल्या बाजूला चुकतो ते प्रत्येकाने आधी पाहावे. त गाळणाऱ्याने तिसरी पायरी घोटावी, त उधळणाऱ्याने पहिली.

‘नये’ आणि ‘हवे’ यांचेही हेच

गोव्यात सूचनाफलक पुष्कळ आहेत आणि त्यांवर ‘पाहिजे’ पेक्षा ‘नये’ जास्त दिसते. ‘येथे वाहने उभी करू नये’, ‘फुले तोडू नये’. बिनप्रत्ययाचे नाम वाहने, फुले. अनेक आहेत. म्हणून ‘वाहने उभी करू नयेत’, ‘फुले तोडू नयेत’. समुद्रकिनाऱ्यावर ‘काचेच्या बाटल्या नेऊ नयेत’. पण ‘येथे थुंकू नये’, ‘खोल पाण्यात जाऊ नये’, ‘प्राण्यांना खायला देऊ नये’ यांत कोणी मालक नाही, तिथे ‘नये’ च.

‘नये’ आधीचे क्रियापद ‘तोडू’, ‘नेऊ’ असे असते, त्याला लिंगवचनाचा शेवटच नसतो. म्हणून इथे चौथी पायरी लागू होत नाही. तिसरी लावायची तर क्रियापद भूतकाळी करून घ्यावे लागते: ‘फुले तोडली आहेत’, म्हणून ‘फुले तोडू नयेत’.

‘हवे’ ला पायऱ्या त्याच. ‘नियम पाळायला हवेत’, ‘पालन करायला हवे’, ‘शाळेत जायला हवे’. ‘उपाय योजणे आवश्यक आहे’ हे वाक्य मात्र या घरातले नाही. तिथे ‘योजणे’ हेच नाम झाले आहे, ते एक आहे, म्हणून उपाय कितीही असले तरी ‘आवश्यक आहेत’ असे लिहायचे नाही.

एक सूचना दुरुस्त करून पाहू

जत्रेच्या दिवसांत मंडपाबाहेर लावतात तसा हा नमुना मी सरावासाठी तयार केला आहे. आधी स्वतः वाचा आणि चुकलेल्या जागांवर खूण करा.

“भाविकांनी चपला मंडपाबाहेर काढून ठेवल्या पाहिजेत. दर्शनासाठी रांगेतूनच आले पाहिजेत. नारळ आणि फुले स्वयंसेवकांकडे दिली पाहिजे. लहान मुलांना एकटे सोडू नयेत. आवारात वाहने उभी करू नये. सर्वांनी शांतता राखली पाहिजे.”

पहिले वाक्य बरोबर आहे, आणि ते चुकणे अवघडच असते, कारण ‘ठेवल्या’ आपणच अनेकवचन सांगते. दुसऱ्यात काय यायचे याला उत्तर नाही आणि ‘आलं पाहिजे’ तोंडात बसते, म्हणून ‘आले पाहिजे’ करायचे. तिसऱ्यात ‘नारळ आणि फुले’ अनेक आहेत, ‘दिली आहेत’ म्हणतो, म्हणून ‘दिली पाहिजेत’. चौथ्यात ‘मुलांना’ ला प्रत्यय आहे, तो बाद, म्हणून ‘सोडू नये’. पाचव्यात ‘वाहने’ मालक, म्हणून ‘करू नयेत’. सहावे जसे आहे तसे बरोबर.

तिसरे आणि सहावे वाक्य पुन्हा एकदा शेजारी ठेवा. ‘दिली’ आणि ‘राखली’. शेवट हुबेहूब सारखा. एकीकडे फुले, दुसरीकडे शांतता. ‘दिली पाहिजेत’ आणि ‘राखली पाहिजे’. ज्याला हा फरक का आहे ते सांगता आले, त्याला प्रश्नातला ‘अ’ पर्याय पुन्हा फसवणार नाही.

जिथे जपून बोलावे

तिसऱ्या वाक्यात दोन नामे जोडून आली होती आणि दुसरे अनेकवचनी होते, म्हणून काम सोपे झाले. ‘अर्ज आणि दाखला जोडला पाहिजे’ असे दोन एकवचनी वस्तूंचे वाक्य आले तर? निर्जीव वस्तू जोडून आल्या की क्रियापद शेवटच्या वस्तूचे ऐकते, अशी मराठीची जुनी रीत आहे, आणि त्या रीतीने हे वाक्य चालते. पण ‘जोडले पाहिजेत’ लिहिणारेही आहेत. स्वतः लिहिताना हा वादच टाळता येतो. अनेकवचनी नाम शेवटी ठेवा: ‘अर्जाचा नमुना आणि आवश्यक दाखले जोडले पाहिजेत’.

‘तू’ बरोबर कधी ‘तू अभ्यास केला पाहिजेस’ असेही ऐकू येईल. तो स ‘तू’ चा आहे, वस्तूचा नाही, आणि त्यावरून ‘पाहिजेत’ चा हिशेब करायला जाऊ नये.

बोलण्याबद्दलही एक सांगायला हवे. बाजारात ‘मला चार नारळ पाहिजे’ म्हणणाऱ्याला कोणी थांबवून दुरुस्त करू नये. बोलताना त पुष्कळांच्या तोंडून गळतो, आणि ‘चार’ हा शब्द संख्या सांगून मोकळा झालेला असतो. लेखनात मात्र वाचणारा समोर नसतो. ‘अर्ज सोमवारपर्यंत दिले पाहिजे’ असे कार्यालयाबाहेरच्या कागदावर लिहिलेले असले तर अर्ज एक द्यायचा की प्रत्येक कामाचा वेगळा, हे वाचणाऱ्याने कोणाला विचारायचे? ‘दिला पाहिजे’ किंवा ‘दिले पाहिजेत’ लिहिले असते तर त्याला खिडकीपाशी चौकशीला उभे राहावे लागले नसते.